स्टॅकची पूररेषा

२०१३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका न्यायालयात मोटारीच्या इंजिनावर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरची उलटतपासणी चालली होती. सप्टेंबर २००७मध्ये टोयोटा कंपनीच्या २००५ सालच्या कॅमरी गाडीला अपघात झाला होता. गाडीचा वेग आपोआप वाढत गेला, असे वादी पक्षाचे म्हणणे होते. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला मायकेल बार हे एम्बेडेड सॉफ्टवेअरचे तज्ज्ञ उभे होते. त्यांनी दाखवलेल्या अनेक त्रुटींपैकी एक साध्या टक्केवारीची होती. प्रोग्रामसाठी राखून ठेवलेल्या स्टॅक नावाच्या मेमरीपैकी फक्त ४१ टक्के वापरली जाते, असा कंपनीचा हिशेब होता. बार यांच्या हिशेबाने हा आकडा ९४ टक्क्यांच्या घरात जात होता, आणि त्यात स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनांचा खर्च धरलेलाच नव्हता. ज्यूरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला आणि पुढे तडजोड झाली. अपघात स्टॅक भरून वाहिल्यामुळेच झाला, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

तरीही ४१ आणि ९४ यांच्यातले अंतर विचार करायला लावणारे आहे. गाडी तीच, प्रोग्राम तोच. मग त्याला किती मेमरी लागते या प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरे येतातच कशी? पेट्रोलच्या टाकीला काटा असतो, तसा स्टॅकला नसतो का?

नसतो. म्हणूनच एम्बेडेड क्षेत्रातले इंजिनिअर गेली कित्येक वर्षे एक सोपी युक्ती वापरत आले आहेत. प्रोग्राम सुरू होण्याआधी स्टॅकची सगळी जागा एका ठरावीक आकड्याने भरून टाकायची, प्रोग्रामला त्याचे काम करू द्यायचे आणि नंतर तो आकडा कुठपर्यंत पुसला गेला ते पाहायचे. या कामाला ‘स्टॅक पेंटिंग’ म्हणतात. युक्ती दोन ओळींत सांगून होते. तिच्यातून निघालेला आकडा नीट वाचणे मात्र तितके सोपे नाही.

जागा येते आणि जाते

प्रोग्राम हा अनेक छोट्या फंक्शनांचा बनलेला असतो. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. बोलावलेले फंक्शन संपल्यावर नेमके कुठे परतायचे तो पत्ता आणि त्या फंक्शनाला तात्पुरते लागणारे व्हेरिएबल कुठेतरी ठेवावे लागतात. ही जागा म्हणजे स्टॅक. फंक्शन सुरू झाले की जागा घेतली जाते, संपले की मोकळी होते. सध्या कुठपर्यंत जागा व्यापली आहे, हे प्रोसेसरमधला ‘स्टॅक पॉइंटर’ सांगतो. बहुतेक प्रोसेसरमध्ये स्टॅक मेमरीच्या वरच्या पत्त्यापासून सुरू होऊन खालच्या पत्त्यांकडे वाढत जातो.

हा पॉइंटर सेकंदाला हजारो वेळा वरखाली होतो. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी तो पाहिला तर फक्त त्या क्षणाचा हिशेब मिळतो. इंजिनिअरला हवी असते ती आजवर गाठलेली सर्वांत खोल पातळी. ती कदाचित परवा रात्री, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापुरती गाठली गेली असेल.

मोकळी झालेली जागा पुसली जात नाही, हीच गोष्ट इथे कामाला येते. फंक्शन संपल्यावर फक्त पॉइंटर मागे सरकतो, लिहिलेले बाइट तसेच पडून राहतात. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते त्याची रेघ राहते, तसेच हे आहे. इंग्रजीत या पातळीला ‘हाय वॉटर मार्क’च म्हणतात. पण रेघ दिसायची तर भिंत आधी कोरी हवी. स्टॅकच्या जागेत सुरुवातीला काय होते हे ठाऊक नसेल, तर कोणता बाइट प्रोग्रामने लिहिला आणि कोणता मुळातच तसा होता हे ओळखायचे कसे? त्यासाठी आधी ओळखीचा आकडा भरून ठेवायचा.

आकडा कोणताही चालत नाही. शून्य आणि 0xFF हे खऱ्या डेटात जागोजागी सापडतात. प्रोग्रामने शून्य लिहिले आणि भरलेला आकडाही शून्यच असला, तर वापरलेली जागा कोरी वाटते. म्हणून सहसा न आढळणारा आकडा निवडतात. छोट्या यंत्रांमध्ये सर्रास वापरली जाणारी फ्रीआरटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम 0xA5 वापरते, झेफर ही दुसरी सिस्टीम 0xAA. योगायोगाने प्रोग्रामने नेमका तोच बाइट लिहिला तर? मोजणी एखाद्या बाइटने चुकेल, फार तर दोन-तीन बाइटांनी. ओळीने वीस-तीस बाइट नेमके तसेच लिहिले जाण्याची शक्यता मात्र नगण्य असते.

दोन किलोबाइटांचा संसार

ही युक्ती प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायला अर्दुइनो उनो हा बोर्ड सोयीचा आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर तो हमखास दिसतो. त्यावरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये कामाची मेमरी आहे फक्त २०४८ बाइट. मराठीतला एखादा बेताचा परिच्छेदही तिच्यात मावायचा नाही. या मेमरीचे पत्ते 0x0100 पासून 0x08FF पर्यंत जातात. खालच्या टोकाला प्रोग्रामचे कायमचे व्हेरिएबल बसतात. वरच्या टोकाकडून स्टॅक खाली येतो. मध्ये कुंपण नाही. स्टॅक फार खाली आला तर तो कायमच्या व्हेरिएबलवरच लिहायला लागतो आणि कुणी हटकत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही की काही संदेश येत नाही. कुठलातरी आकडा बदलतो एवढेच, आणि त्याचे परिणाम तासाभराने भलत्याच ठिकाणी दिसतात.

समजा, या बोर्डवर धान्याच्या गोदामासाठी नोंदयंत्र बनवले आहे. ते दर मिनिटाला तापमान आणि आर्द्रता मोजते आणि मेमरी कार्डावर लिहिते. कार्डासाठी लागणारा ५१२ बाइटांचा बफर आणि बाकीचे कायमचे व्हेरिएबल मिळून १०२४ बाइट जातात. म्हणजे कायमचा भाग 0x04FF ला संपतो आणि 0x0500 पासून 0x08FF पर्यंतचे उरलेले १०२४ बाइट स्टॅकला मिळतात. कायमचा भाग जिथे संपतो त्या पत्त्याला लिंकर `_end` असे नाव देतो. या यंत्रात चालता चालता मागून घेतलेली, म्हणजे हीपवरची मेमरी वापरलेली नाही असे धरू. ती वापरली तर तीही `_end` पासूनच वर वाढते, आणि मग मोजणी तिच्या माथ्यापासून सुरू करावी लागते.

जागा भरणारे फंक्शन एवढेच:

```c
extern uint8_t _end;

void paint_stack(void) {
  uint8_t *p = &_end;
  while (p < (uint8_t *)SP - 16)
    *p++ = 0xC5;
}
```

ते प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एकदाच बोलवायचे. `SP` म्हणजे स्टॅक पॉइंटर. त्याच्या वर चालू फंक्शनांची माहिती असल्याने तिथे हात लावायचा नाही. खाली सोडलेले १६ बाइट ही खबरदारी आहे, आणि ती उगाच नाही. असे एकच बाइट पुन्हा पुन्हा लिहिणारे लूप दिसले की कंपायलर कधी कधी त्याच्या जागी `memset` हे तयार फंक्शन बसवतो. त्या फंक्शनाचा परतीचा पत्ता पॉइंटरच्या लगेच खाली लिहिला जातो. अंतर सोडले नाही, तर भरण्याच्या नादात तोच पत्ता पुसला जाईल आणि यंत्र पहिल्याच पावलाला भरकटेल.

मोजणी उलट्या टोकाकडून, म्हणजे स्टॅक जिथे सर्वांत शेवटी पोचेल तिथून करायची:

```c
uint16_t stack_free(void) {
  const uint8_t *p = &_end;
  while (p <= (uint8_t *)RAMEND && *p == 0xC5)
    p++;
  return p - &_end;
}
```

पहिला बदललेला बाइट भेटेपर्यंत पुढे जायचे आणि किती बाइट कोरे होते ते सांगायचे. पॉइंटरकडून खाली येत शोधले तर चालत नाही. फंक्शनाने घेतलेल्या सगळ्याच जागेवर काही लिहिले जाते असे नाही, त्यामुळे वापरलेल्या भागातही मध्ये मध्ये कोरे तुकडे राहतात. त्यांपैकी पहिल्याच तुकड्याला शेवट समजण्याचा धोका असतो.

यंत्र सुरू केले, अर्धा दिवस चालू दिले आणि `stack_free` चा आकडा पाहिला: ६०४. म्हणजे १०२४पैकी ४२० बाइट वापरले गेले. चाळीस टक्क्यांच्या आसपास. कुणीही समाधानाने अहवाल लिहून टाकेल.

न चाललेल्या वाटा

मग कुणीतरी यंत्र चालू असतानाच कार्ड बाहेर काढते. आतापर्यंत एकदाही न चाललेला प्रोग्रामचा भाग जागा होतो. चुकीचा संदेश तयार करण्यासाठी तो १६० बाइटांचा ॲरे घेतो, त्यात मजकूर जुळवायला `snprintf` या खादाड फंक्शनाला बोलावतो, आणि हे सगळे कार्डाचे फंक्शन अर्धवट असताना, त्याच्याच वर चढून होते. आता `stack_free` सांगते: २१०. वापर ८१४ बाइटांवर गेला. ४१ टक्क्यांचे ७९ टक्के झाले, तेही प्रोग्रामची एक ओळ न बदलता.

भरलेल्या आकड्यातून मिळणारी माहिती ही ‘कमीत कमी इतके तरी लागले’ अशी असते, ‘जास्तीत जास्त इतकेच लागेल’ अशी नसते. चाचणीत जी वाट चालली गेली तिचीच रेघ उमटते. अडचण अशी की खोल जाणाऱ्या वाटा बहुधा चुका हाताळणाऱ्या असतात आणि चाचणीच्या टेबलावर सगळे सुरळीत चालत असते. म्हणून जाणता माणूस मोजणी करण्याआधी मुद्दाम खोड्या काढतो: कार्ड काढतो, सेन्सरची तार सोडवतो, सर्वांत लांब नाव टाकतो, वीज घालवून परत आणतो. आकडा वाचायचा तो त्यानंतर.

याहून बिकट प्रकरण इंटरप्टचे आहे. ठरावीक वेळ झाली किंवा बाहेरून काही संकेत आला, की चिप हातातले काम जिथल्या तिथे थांबवून एक वेगळे फंक्शन चालवते. उनोच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा स्टॅक नाही, जो चालू असेल त्याच्यावरच हे फंक्शन चढते. उनोवर वेळ मोजणारा एक इंटरप्ट दर १०२४ मायक्रोसेकंदांनी येतो. आपल्या यंत्रात त्याला १८ बाइट लागतात असे धरू. म्हणजे स्टॅक सर्वांत खोल असताना नेमका इंटरप्ट आला, तर मोकळी जागा २१० वरून १९२ वर येईल.

असे किती वेळा घडेल? तो सर्वांत खोल क्षण २० मायक्रोसेकंद टिकतो असे समजू. इंटरप्ट १०२४ मायक्रोसेकंदांतून एकदा येतो. दोन्ही गाठ पडण्याची शक्यता एका प्रयत्नात साधारण दोन टक्के. तपासनीसाने दहा वेळा कार्ड काढून पाहिले, तरी दहाही वेळा ही गाठ न पडण्याची शक्यता पाचात चार आहे. गोदामात मात्र कार्ड नादुरुस्त झाले आणि यंत्र दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न करत राहिले, तर सरासरी पन्नास मिनिटांत एकदा ती गाठ पडेल. इथे १८ बाइटांनी काही बिघडत नाही, जागा आहे. पण मोकळी जागा जिथे दहाच बाइट उरलेली असते, तिथला दोष असाच दिसतो. प्रयोगशाळेत तो सापडत नाही, गिऱ्हाइकाकडे मात्र रोज घडतो.

तिसरी खाच मघाच्या कोऱ्या तुकड्यांतच दडलेली आहे. सर्वांत खोल फंक्शनाने ३०० बाइटांचा ॲरे घेतला, पण त्या दिवशी त्यात काहीच लिहायची वेळ आली नाही, तर भरलेला आकडा तसाच राहतो. जागा घेतली गेली होती, तिची खूण मात्र नाही. मोजणी ३०० बाइटांनी कमी येते.

शेवटच्या सोळा बाइटांचा पहारा

आतापर्यंतचा हिशेब ‘किती उरले’ याचा होता. त्याच भरलेल्या आकड्याचा दुसरा उपयोग म्हणजे ‘सगळे संपले का’ हे यंत्र चालू असतानाच ओळखणे. सगळा स्टॅक मोजत बसायला वेळ लागतो. पण टोकाचे थोडेसे बाइट शाबूत आहेत की नाही, हे पाहायला काही सूचना पुरतात.

फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय तयारच मिळते. रिचर्ड बॅरी यांनी २००३मध्ये ही सिस्टीम सुरू केली आणि २०१७पासून ॲमेझॉन तिची देखभाल करते. तिच्यात एकाच चिपवर अनेक कामे आळीपाळीने चालतात. अशा प्रत्येक कामाला ‘टास्क’ म्हणतात आणि प्रत्येक टास्कला स्वतःचा वेगळा, छोटा स्टॅक असतो. `configCHECK_FOR_STACK_OVERFLOW` ही किंमत १ ठेवली, तर एका टास्ककडून दुसऱ्याकडे जाताना सिस्टीम फक्त पॉइंटर हद्दीत आहे का ते पाहते. टास्क मध्येच हद्द ओलांडून पुन्हा आत आला असेल, तर हे तिच्या लक्षात येत नाही. किंमत २ ठेवली, तर ती स्टॅकच्या टोकाचे १६ बाइट पाहते. तिथे सगळीकडे 0xA5 नसेल, तर कुणीतरी तिथवर येऊन गेले, मग ते आता परत गेलेले का असेना. गडबड आढळली की सिस्टीम `vApplicationStackOverflowHook` हे फंक्शन बोलावते. त्यात काय करायचे ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचे: दिवा लावायचा, टास्कचे नाव नोंदवून ठेवायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे.

एक सावधगिरी इथेही लागते. पहारा टास्क बदलताना होतो, त्यामुळे हद्द ओलांडणे आणि ते उघडकीला येणे यांत वेळ जातो. तेवढ्यात शेजारची मेमरी बिघडलेली असते. हूक फंक्शनाला दिले जाणारे टास्कचे नावसुद्धा त्या बिघाडात सापडलेले असू शकते. म्हणून हूकमध्ये पोचल्यावर शांतपणे काम पुढे चालू ठेवणे, हा पर्याय नसतो.

पण खरी फसगत आहे ती पहाऱ्यावरून उडी मारण्याची. एका टास्कच्या स्टॅकमध्ये आता ६४ बाइट उरले आहेत आणि हे फंक्शन बोलावले गेले असे समजा:

```c
void report(int code) {
  char msg[200];
  snprintf(msg, sizeof msg, "ERR %d", code);
  send(msg);
}
```

२०० बाइटांचा ॲरे ६४ बाइटांत मावत नाही. पॉइंटर मात्र कुणालाही न विचारता तेवढा खाली सरकतो. परतीचा पत्ता वगैरेंचे थोडे बाइट सोडून दिले, तर ॲरेचे वरचे ६४ बाइट स्टॅकमध्ये आणि खालचे १३६ बाइट शेजाऱ्याच्या मेमरीत जातात. ॲरेचा पहिला बाइट सर्वांत खालच्या पत्त्यावर असतो. म्हणजे `ERR 7` हा मजकूर टास्कच्या हद्दीबाहेर १३६ बाइटांवर, दुसऱ्याच कुणाच्या तरी डेटावर लिहिला जातो. `snprintf` ला लागणारी जागा त्याच्याही खाली. टोकाचे १६ बाइट ॲरेच्या मध्यावर येतात, त्यांना कुणी स्पर्शही करत नाही. थोड्या वेळाने पहारा तिथे पाहतो, तर 0xA5 जसेच्या तसे.

याहून वाईट पुढे आहे. आता कुणी `uxTaskGetStackHighWaterMark` बोलावून उरलेली जागा विचारली, तर तेही टोकापासूनच मोजत येते आणि जवळपास ६४ बाइट कोरे असल्याचे सांगते. स्टॅक भरून वाहून गेला, शेजाऱ्याचे नुकसान झाले, आणि अहवाल म्हणतो की अजून जागा शिल्लक आहे. मोठे स्थानिक ॲरे जिथे असतात, तिथे शिलकीचा आकडा सर्वांत मोठ्या ॲरेपेक्षा लहान दिसला, की जाणकार म्हणूनच सावध होतात.

त्या आकड्याचे एककही तपासावे लागते. फ्रीआरटीओएस मुळात शिल्लक ‘वर्ड’मध्ये सांगते. ३२ बिटांच्या चिपवर एक वर्ड म्हणजे चार बाइट, म्हणून तिथे १६ हे उत्तर ६४ बाइटांचे असते. ईएसपी३२ या लोकप्रिय चिपसाठी तिच्या कंपनीने केलेल्या आवृत्तीत मात्र उत्तर थेट बाइटांत येते. एका बोर्डावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर नेताना हा चौपटीचा फरक विसरला, तर हिशेब तिथेच चुकतो.

मोठ्या यंत्रांतला पहारा

हीच पद्धत मोठ्या संगणकांतही आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक प्रक्रियेला कर्नलच्या आतल्या कामासाठी छोटा स्टॅक दिला जातो. त्याच्या टोकाला `0x57AC6E9D` हा आकडा लिहून ठेवलेला असतो. तो बदललेला दिसला, म्हणजे स्टॅक वाहिला. खेरीज `CONFIG_DEBUG_STACK_USAGE` हा पर्याय चालू ठेवून कर्नल बनवला, तर तो स्टॅकमधली कोरी जागा मोजतो आणि नवा उच्चांक झाला की नोंद करतो. त्या नोंदीत `used greatest stack depth` असे शब्द आणि उरलेले बाइट येतात. इथे कोरेपणाची खूण शून्य हीच धरलेली आहे, त्यामुळे मघाची अडचण थोडी उरतेच, पण साधारण अंदाजाला ती पुरते.

६४ बिटांच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरसाठी हा स्टॅक बरीच वर्षे ८ किलोबाइटांचा होता. खोल जाणाऱ्या वाटा सापडत गेल्या आणि २०१४मध्ये तो १६ किलोबाइट करावा लागला. पुढे २०१६मध्ये स्टॅकच्या शेजारी मुद्दाम मोकळे, हात लावता न येणारे पान ठेवण्याची सोय आली. हद्द ओलांडून त्या पानावर पाऊल पडले, की प्रोसेसर स्वतःच त्या क्षणी थांबवतो. टास्क बदलेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. छोट्या चिपांतही आता काही ठिकाणी अशी सोय आहे. आर्म कंपनीच्या आर्मव्ही८-एम या नव्या रचनेत स्टॅकची खालची हद्द लिहून ठेवण्यासाठी प्रोसेसरमध्येच रजिस्टर आहे आणि पॉइंटर त्याच्या खाली जाऊ लागताच बिघाडाची सूचना मिळते. मघाची २०० बाइटांची उडी तिथे लगेच पकडली जाते. उनोसारख्या चिपांत असे काही नाही, तिथे भरलेला आकडाच कामाला येतो.

दोन्ही बाजूंनी हिशेब

मग १०२४ बाइट पुरेसे आहेत की नाही, हे ठरवायचे कसे? मोजणीने खालची बाजू कळते, वरची बाजू कागदावरून काढावी लागते. जीसीसी हा कंपायलर `-fstack-usage` हा पर्याय दिल्यावर प्रत्येक फाइलसोबत `.su` नावाची एक यादी तयार करतो. कोणते फंक्शन किती बाइट घेते ते तीत लिहिलेले असते. कोण कोणाला बोलावते याची साखळी मांडून तिच्यावरचे आकडे मिळवले आणि सर्वांत मोठी बेरीज शोधली, की जास्तीत जास्त खर्चाचा अंदाज येतो. वर सर्वांत मोठ्या इंटरप्टचा खर्च मिळवायचा. या बेरजेला चाचणीत ती वाट चालली की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते.

पण तिचीही कमजोरी आहे. फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल, तर साखळी कुठे संपते ते सांगता येत नाही. वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिस्रा-सी या नियमावलीत अशा फंक्शनांना मनाई आहे, त्यामागे हे एक कारण आहे. कोणते फंक्शन बोलवायचे हे जिथे ऐनवेळी ठरते, तिथेही साखळी तुटते. आणि `snprintf` सारखी तयार लायब्ररीतली फंक्शने आपल्यासमोर कंपाइल होत नाहीत, त्यामुळे यादीत त्यांचा आकडाच नसतो. ती पोकळी भरायला पुन्हा मोजणीच लागते.

गोदामाच्या नोंदयंत्रासाठी हे दोन्ही एकत्र करून पाहू. मुद्दाम चुका घडवून केलेल्या मोजणीत ८१४ बाइट लागले. इंटरप्टचे १८ मिळवून ८३२. कार्ड भरल्यावर आणि सेन्सर तुटल्यावर चालणाऱ्या भागांची बेरीज यादीतून काढली, लायब्ररीच्या फंक्शनाचा खर्च मोजणीतून घेतला आणि सर्वांत लांब साखळी ९४० बाइटांची निघाली असे समजा. १०२४मधून ९४० गेले, ८४ उरले. यंत्र चालेल, पण पुढच्या वर्षी कुणी संदेशाचा ॲरे १६० वरून २५६ बाइटांचा केला, की ९६ बाइट वाढतील आणि स्टॅक कायमच्या व्हेरिएबलवर चढेल. त्याच्या खालीच कार्डाचा बफर असू शकतो, म्हणजे बिघाड दिसेल तो कार्डावरच्या चुकलेल्या नोंदींच्या रूपाने. मग सगळे कार्डालाच दोष देतील.

इथे दोन दुरुस्त्या स्वस्तात होतात. संदेश एकदम १६० बाइटांत जुळवण्याऐवजी तुकड्यातुकड्याने थेट सिरीयल पोर्टवर पाठवला, तर ॲरे ३२ बाइटांत भागतो आणि १२८ बाइट सुटतात. सर्वांत लांब साखळी ८१२ बाइटांवर येते आणि शिल्लक २१२ होते. दुसरे म्हणजे `stack_free` चाचणीनंतर काढून टाकायचे नाही. ते दिवसातून एकदा बोलवायचे आणि आलेला आकडा तापमानाच्या नोंदीशेजारीच कार्डावर लिहायचा. भरलेली जागा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत पुन्हा कोरी होत नाही, त्यामुळे हा आकडा फक्त कमी होत जातो किंवा तसाच राहतो. तो शंभराच्या खाली गेला, तर त्या दिवसाच्या नोंदी पाहून गोदामात नेमके काय घडले ते शोधता येते, आणि तेव्हा स्टॅक अजून वाहिलेला नसतो.